डावा हात मागे का पडतो? पॅडवरचा सिंगल स्ट्रोक रोल आणि पॅराडिडल

प्रश्न: मी फोंड्याजवळ राहतो, वय २४. लहानपणापासून चवथीला घुमट वाजवत आलोय. चार महिन्यांपूर्वी प्रॅक्टिस पॅड आणि ५ए स्टिक्स घेतल्या. व्हिडिओ बघून सिंगल स्ट्रोक रोल आणि पॅराडिडल रोज तासभर करतो. मेट्रोनोम ७० वर असताना ठीक जातं, ९० ला डावा हात मागे पडतो आणि सगळं लंगडं ऐकू येतं. पॅराडिडलमध्ये ॲक्सेंट कुठे आहे तेच कळत नाही. वेळ वाढवू का? की स्टिक्स बदलू?

उत्तर:

दोन्ही नको. स्टिक्स बरोबर आहेत, आणि वेळ तर मी कमीच करायला सांगणार आहे. म्हापशात गेली २२ वर्षं मी ड्रम शिकवतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत घुमट वाजवणारी मुलं बरीच असतात. त्यांचा डावा हात हा माझ्या ओळखीचा विषय आहे.

घुमट गळ्यात अडकवून किंवा मांडीवर घेऊन वाजवताना तुमचे हात काय करतात ते आठवा. चामड्यावर बोटं पडतात ती उजव्या हाताची. डावा तळवा मागच्या उघड्या तोंडावर असतो, तो तोंड झाकतो, उघडतो आणि नाद वरखाली करतो. हे काम कौशल्याचं आहे, पण त्यात उचलून मारणं नाही. म्हणजे तुमच्या उजव्या हाताला मारण्याचा १५ वर्षांचा सराव आहे आणि डाव्याला चार महिन्यांचा. लय दोघांनाही कळते, म्हणून ७० पर्यंत डावा हात कसाबसा सांभाळून घेतो. पुढे मात्र हातातली रीत लागते, नुसती समज पुरत नाही. तुम्ही शामेळ वाजवत असता तर गोष्ट थोडी वेगळी असती, कारण तिथे दोन्ही हातांत काठ्या असतात.

आधी दुखणं किती आहे ते मोजू. मेट्रोनोम ९० वर आणि एका टिकला चार स्ट्रोक असा तुमचा रोल असेल, तर मिनिटाला ३६० स्ट्रोक होतात. त्यातले १८० एकट्या डाव्याचे, म्हणजे सेकंदाला तीन. आता उजवा हात मांडीवर ठेवा आणि एकट्या डाव्याने ९० वर एका टिकला दोन असे स्ट्रोक पूर्ण एक मिनिट वाजवा. रोलमध्ये डावा हात नेमकं एवढंच काम करत असतो, एकही स्ट्रोक जास्त नाही.

मिनिट पुरं होणार नाही असा माझा अंदाज आहे. विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला स्टिकची उंची कमी व्हायला लागेल, अंगठा पांढरा पडेल, कोपर अंगापासून सुटून बाहेर येईल. या तीनपैकी एकही खूण दिसली तर थांबा, मेट्रोनोम चार-चारने खाली आणा आणि डावा हात पूर्ण मिनिट एकाच उंचीने, एकाच आवाजात कुठल्या आकड्यावर वाजवू शकतो ते शोधा. तो आकडा वहीत लिहा. समजा ७६ आला. तर तुमचा रोल आज ७६ चा आहे. ९० वर जे होतं ते उजव्याचं वाजवणं आणि डाव्याचं धावणं. तसा तासभर सराव केला की धावण्याचाच सराव होतो.

आता हात हलका करणं म्हणजे काय ते बघू. व्हिडिओत हा शब्द फार वेळा येतो आणि समजावून कुणी सांगत नाही. पॅडवर पडलेली स्टिक स्वतःच वर येते, रबर तिला उसळी देतं. तिला वर येऊ द्यायचं, अडवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिकणाऱ्याचं चुकतं ते स्टिक पडल्यानंतर. आदळताक्षणी मुठीची बोटं आवळली जातात, स्टिक खालीच थांबते आणि पुढच्या स्ट्रोकसाठी तिला दंडाच्या जोराने उचलावं लागतं. प्रत्येक स्ट्रोकला दोन कामं पडतात, म्हणून हात थकतो आणि मागे राहतो.

पकड ठीक करायची एक सोपी रीत आहे. स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या पहिल्या पेराजवळ हलकी धरा, बाकीची बोटं सोडून द्या. टोक वरून पॅडवर पडू द्या आणि ते किती वेळा आपोआप उडतं ते मोजा. पकड थोडी पुढे-मागे सरकवून पुन्हा पाडा. मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर एक जागा अशी सापडते, जिथे स्टिक सर्वांत जास्त वेळा उडते. तिथे पेन्सिलने खूण करा. दोन्ही स्टिक्सवर करा आणि दोन्ही हात तिथेच धरा. मग बाकीची तीन बोटं स्टिकवर नुसती टेकवा, लपेटू नका. तळवा जमिनीकडे असू द्या. डाव्या हाताचा अंगठा वर आभाळाकडे वळतोय का यावर लक्ष ठेवा, घुमटवाल्यांचा तो वळतोच.

मग हा स्ट्रोक: टोक पॅडपासून एक वीत वर. मनगट फिरवून स्टिक खाली टाका आणि ती परत वीतभर वर येऊन थांबू द्या. खालून वर यायला तुम्ही काहीही करायचं नाही. याला फ्री स्ट्रोक म्हणतात. बरोबर झाला की नाही हे कान सांगतो. मोकळ्या स्टिकचं लाकूड पडताना वाजतं, त्यात एक बारीक खणखणीत नाद असतो. आवळलेली स्टिक नुसतं ठप् करते. उजव्याने एक स्ट्रोक, डाव्याने एक, असं आलटून पालटून ऐका. दोन्ही लाकडं सारखी वाजायला हवीत. या एका परीक्षेसाठी तुम्हाला शिक्षक लागत नाही.

पहिला आठवडा दुसरं काही करू नका. मेट्रोनोम ६० वर, एका टिकला दोन: उजव्याने आठ, डाव्याने सोळा, पुन्हा उजव्याने आठ, डाव्याने सोळा. डाव्याला दुप्पट, कारण त्याची तूट आहे. १० मिनिटं पुरे. कंटाळा येईल, येऊ द्या, पण उंची वीतभरच राहिली पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात यातूनच रोल विणायचा. मेट्रोनोम ६० वरच.

पहिली ओळ, चार टिका: एकटा उजवा, टिकला दोन.
दुसरी ओळ, चार टिका: एकटा डावा, टिकला दोन, पण उजव्याच्या मधल्या रिकाम्या जागांत.
तिसरी ओळ, चार टिका: दोघं एकत्र.

उ डा उ डा, उ डा उ डा, उ डा उ डा, उ डा उ डा

तबल्याची भाषा कानावर असेल तर पहिली ओळ दुगुन आणि तिसरी चौगुन. हात मात्र तिसऱ्या ओळीत पहिल्यापेक्षा जराही वेगाने चालत नाहीत. नेहमी इथेच घोळ होतो. कानाला आवाज दुप्पट आला की हात घाबरून दुप्पट धावायला बघतात. त्यांना सांगायचं, तुझं काम बदललेलं नाही, फक्त शेजारी दुसरा आलाय.

दुसरी ओळ सोपी वाटते पण तीच सगळ्यांत अवघड आहे, कारण डावा एकदाही टिकवर पडत नाही. टिकनंतर पाव मात्रेने एक आणि पाऊण मात्रेने एक. सुरुवातीला तोंडाने "ता का दि मी" म्हणा आणि डावा फक्त "का" आणि "मी" वर पाडा. डावा पुढे सरकून टिकला जाऊन चिकटतोय असं जाणवलं तर तिसऱ्या ओळीकडे जाऊच नका, दुसरीच घोळवत बसा. तुमचा लंगडेपणा याच ओळीत दडलेला आहे.

रोल खरंच समान आहे का, हे वाजवताना कळत नाही. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि अर्ध्या वेगाने ऐका. समान रोल पावसाच्या वळचणीसारखा सलग ठिबकतो. असमान रोलमध्ये जोड्या पडतात, टक-टक, थांबा, टक-टक, घोड्याच्या टापांसारख्या. जोडी पडली म्हणजे डावा उशिरा येतोय किंवा लवकर. उशिरा येत असेल तर बहुतेक वेळा त्याची स्टिक उजव्यापेक्षा जास्त उंच उडत असते, तिला यायला वेळ लागतो. लवकर येत असेल तर ती खूप खाली असते. दोन्हींवर उपाय एकच, आरशासमोर बसा आणि दोन टोकं एका रेषेत आणा. दुसरी खूण मेट्रोनोमची. स्ट्रोक नेमका टिकवर पडला की टिक ऐकू येत नाही, स्ट्रोक तिला गिळून टाकतो. टिक स्ट्रोकच्या आधी किंवा नंतर वेगळी ऐकू येत असेल तर तुम्ही टिकवर नाही.

हेच पुन्हा डाव्याने सुरू करून करा: डा उ डा उ. आता टिकवर डावा पडतो आणि जबाबदारी त्याच्यावर येते. उजव्याने सुरू केलेला रोल ७६ ला स्वच्छ आणि डाव्याने सुरू केलेला ६८ ला तुटत असेल, तर वहीत ६८ लिहा.

वेग वाढवण्याचा माझा नियम: एका आकड्यावर सलग दोन मिनिटं उंची, आवाज आणि श्वास न बिघडता झाली, तीही दोन वेगवेगळ्या दिवशी, तरच चारने वर. श्वास लिहिला कारण घाई झाली की माणूस आधी श्वास धरतो, हात नंतर बिघडतो.

आता पॅराडिडल. तो असा:

उ डा उ उ, डा उ डा डा

रुडिमेंट्सच्या, म्हणजे ड्रमच्या मूळ हातवळणांच्या, याद्या बऱ्याच आहेत. १९३३ मध्ये अमेरिकेत ड्रमवादकांची एक संघटना उभी राहिली, तिच्या यादीत पुढे २६ रुडिमेंट्स झाली. आज सगळीकडे लावलेली दिसते ती ४० ची यादी १९८४ ची. नवीन विद्यार्थी ती ४० बघून दबून जातात. ती यादी दाराआड ठेवा. सिंगल, डबल आणि पॅराडिडल हातात आले की उरलेल्यांपैकी पुष्कळ यांच्याच जोडण्या असतात.

पॅराडिडलमध्ये ॲक्सेंट पहिल्या स्ट्रोकवर असतो, म्हणजे आठांमधल्या पहिल्यावर आणि पाचव्यावर. तुमचा ॲक्सेंट हरवतो कारण तुम्ही तो जोराने काढायला बघता, आणि त्याच वेळी बाकीचे स्ट्रोकही तेवढ्याच उंचीवरून पडत असतात. ॲक्सेंट उंचीतून येतो. वीतभर उंचीवरून पडलेली स्टिक मोठी वाजते, दोन बोटं उंचीवरून पडलेली लहान वाजते. हाताचा जोर दोन्हीकडे सारखाच. अवघड आहे ते उंची बदलणं, कारण उंच स्ट्रोकनंतर त्याच हाताला लगेच लहान स्ट्रोक वाजवायचा आहे. म्हणजे फ्री स्ट्रोकमध्ये जी उसळी आपण मोकळी सोडायला शिकलो, ती इथे मुद्दाम रोखायची.

त्यासाठी चार प्रकारचे स्ट्रोक ओळखा. वरून सुरू होऊन वर संपतो तो फ्री स्ट्रोक, तो तुम्हाला आला. वरून सुरू होऊन खाली, दोन बोटांवर थांबतो तो डाऊन स्ट्रोक. खालून सुरू होऊन खालीच संपतो तो टॅप. खालून हळूच वाजवून लगेच वीतभर वर जातो तो अप स्ट्रोक. पॅराडिडलमध्ये शेवटचे तीन लागतात.

आता उजवा हात एकटा बघा. आठ जागांपैकी तो १, ३, ४ आणि ६ वर पडतो. पहिल्यावर ॲक्सेंट, म्हणून डाऊन. ३ आणि ४ टॅप. ६ वा लहानच वाजतो, पण त्यानंतर उजव्याला पुन्हा पहिल्यावर ॲक्सेंट द्यायचा आहे, म्हणून तो वाजवून वर जायचं: अप. डावा ५, ७, ८ आणि पुढच्या फेरीच्या २ वर पडतो, आणि त्याचाही क्रम डाऊन, टॅप, टॅप, अप हाच. दोन्ही हात एकच गोष्ट सांगतात, फक्त चार जागांच्या अंतराने. मला हे कळलं तेव्हा मी पॅराडिडल पाच वर्षं वाजवत होतो, आणि त्या पाच वर्षांत तो एकदाही नीट वाजला नव्हता.

म्हणून आधी एकट्या उजव्याने करा, मेट्रोनोम ५० वर, एका टिकला चार जागा. तोंडाने सावकाश म्हणा: "खाली, –, टप, टप, –, वर, –, –". डावा हात मांडीवर, रिकाम्या जागा मनात मोजायच्या. दोन मिनिटं उजवा, मग पाचव्या जागेवरून तोच क्रम चार मिनिटं डावा. मग एकत्र. "खाली" या स्ट्रोकला स्टिक थांबवताना मुठीची मागची बोटं क्षणभर जवळ येतात आणि लगेच सैल होतात. ती आवळलेलीच राहिली तर पुढचे दोन टॅप दगडासारखे पडतात.

चुका कुठे होतात तेही सांगतो, म्हणजे ऐकताना सापडतील. जोडीतला दुसरा स्ट्रोक, म्हणजे ४ आणि ८, बारीक पडतो. पहिल्याची उसळी वापरून दुसरा उरकला जातो म्हणून. सावकाश वेगात दोन्ही टॅप मनगटाने वेगळे वाजवा. दुसरी चूक, ६ आणि २ वरचा अप स्ट्रोक मोठा वाजतो. वर जायची घाई स्ट्रोकच्या आधीच सुरू होते, मग स्टिक वरून पडते. आधी वाजवायचं, मग उचलायचं. चार महिने पॅराडिडल केलेल्या पोरांचा ॲक्सेंट सापडत नाही त्याचं कारण बहुतेक हेच असतं. १ आणि ५ बरोबर मोठे असतात, पण २ आणि ६ सुद्धा मोठे, मग कानाला दोन-दोन धक्के लागून कुठला खरा तेच कळत नाही. तुमची रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने ऐकलीत तर हेच ऐकू येईल असं मला वाटतं.

ॲक्सेंट काढून दोन बोटांच्या उंचीवर पॅराडिडल वाजवणं हाही वेगळा सराव आहे. चार टिका सिंगल स्ट्रोक रोल, चार टिका पॅराडिडल, न थांबता, सगळं दोन बोटांवर. घरातल्या कुणाला तरी पाठ करून बसवा आणि हात कधी बदलला ते ओळखायला सांगा. ओळखता आलं तर जोड्या असमान आहेत. माझ्याकडे एका मुलीची आजी भाजी निवडता निवडता ही परीक्षा घ्यायची आणि "आता लंगडलं गो" म्हणून नेमक्या जागी बोट ठेवायची. संगीत शिकलेला कानच लागतो असं नाही.

तुमच्यासारख्याच एका मुलाचं सांगतो. डिचोलीहून यायचा, घुमट आरतीच्या पथकात वाजवणारा, लयीला पक्का. पहिल्या दिवशी म्हणाला, रोल ८८ ला येतो. एकट्या हातांची मिनिटाची चाचणी घेतली. उजवा १०४, डावा ७२. त्याला ६० वर आणला, चेहरा पडला. दोन आठवडे आठ-सोळा आणि विणण्याच्या तीन ओळी. तिसऱ्या आठवड्यात ७२ वर आला आणि तिथेच अडकला. पुढचे आठ-दहा दिवस डाव्याचा आकडा हलेना, कोपराखाली दुखायला लागलं. मी पकड बघितली, ठीक होती. मग त्याला घरी सराव करतानाचा फोटो पाठवायला सांगितला. पॅड हॉलमधल्या उंच जेवणाच्या टेबलावर, आणि हा खुर्चीवर. हात कोपरापासून वर चढत होते, खांदे कानाला लागलेले, मनगट उलटं वाकलेलं. क्लासमध्ये तो स्टँडवर वाजवत होता म्हणून मला दिसलंच नव्हतं. पॅड प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर आणला, खाली ओला कपडा घातला म्हणजे सरकू नये. बसल्यावर पॅड बेंबीच्या किंचित खाली, कोपर सैल, हात कोपरापासून पॅडकडे जरा उतरते. दुखणं आठवड्यात गेलं. सहाव्या आठवड्याच्या शेवटी डावा एकटा ९२ ला मिनिटभर टिकला, आणि त्याचा ८८ चा रोल पहिल्यांदा खरोखर ८८ चा झाला. मग पॅराडिडल ५० वरून सुरू केला. डाव्याला रोलमध्ये जे मिळालं होतं, ते पॅराडिडलच्या "वर" मध्ये लगेच दिसलं.

तेव्हा तुम्हीही आधी पॅड कुठे ठेवता ते बघा. दुखण्याबद्दल एवढं ध्यानात ठेवा: कोपर आणि मनगटाच्या मधल्या मांसल भागात थकवा आणि किंचित जळजळ ही चालते, दोन मिनिटं थांबलं की जाते. मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपराच्या हाडाजवळ टोचलं, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर त्या दिवशी बंद. दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनेही गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, सरावाने ते जात नाही.

पॅडच्याही मर्यादा आहेत. कडक रबर चामड्याच्या ड्रमपेक्षा जास्त उसळी देतं आणि जोडीतला दुसरा स्ट्रोक फुकटात भरून काढतं. पॅडवर सुंदर वाटणारा पॅराडिडल फ्लोअर टॉमवर गेला की चिखलात पाय पडल्यासारखा होतो. म्हणून आठवड्यातून दोनदा पॅडवर चार घड्या घातलेला टॉवेल टाकून तोच सराव ६० वर दोन-तीन मिनिटं करा. उसळी निघून गेली की कुठला स्ट्रोक खरा आणि कुठला रबराचा ते लगेच उघडं पडतं. उशीवर तासन्‌तास वाजवायचा सल्ला मी देत नाही. उसळी नसली की हात स्टिक आवळायला शिकतो, आणि आपण नेमकं तेच सोडवतोय.

स्टिक्सचं थोडक्यात. ५ए तुम्हाला बरोबर आहेत. पण पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड ओल धरतं आणि वाकतं. लादीवर स्टिक लाटून बघा, टोक डुगडुगलं तर ती वाकली. दोन्ही स्टिक्स लादीवर आपटून आवाज ऐका, एक उंच आणि एक खाली वाजत असेल तर वजनात फरक आहे, आणि जड स्टिक डाव्या हातात आली तर उगाच शिक्षा होते. हातांतल्या स्टिक्सची अदलाबदल करून एकदा वाजवून बघा, डावा अचानक सुधारला तर गोष्ट तिथेच संपते. असं फार वेळा होत नाही, पण बघायला अर्धं मिनिट लागतं.

पहिले दोन आठवडे झाले की रोजची वाटणी अशी करा: १० मिनिटं आठ-सोळा, ८ मिनिटं रोल, निम्मा उजव्याने सुरू आणि निम्मा डाव्याने, मग ५ मिनिटं विश्रांती, मग १० मिनिटं पॅराडिडल, त्यातली पहिली सहा एकेकट्या हातांनी. विश्रांती धरून ३३ मिनिटं झाली. शक्य असेल तर सकाळी आणि रात्री असे दोन तुकडे करा, एका बैठकीपेक्षा हात ते जास्त धरून ठेवतो. रविवारी फक्त एक काम: डाव्याची मिनिटाची चाचणी, आणि आकडा वहीत.

चवथ जवळ आली की तुम्ही आठवडाभर रोज रात्री घुमट वाजवणार. त्या दिवसांत वेग वाढवायला जाऊ नका, उजवा हात आधीच थकलेला असेल. डाव्याचे सोळा तेवढे करत राहा. डावा एकटा ९२ वर मिनिटभर स्वच्छ टिकला की ९० चा रोल वाजवून बघा, आणि तो दोन दिवस टिकला की डबल स्ट्रोक रोल सुरू करा, पुन्हा ६० वरून.